एक चिंबोरी, ती चिंबोरी आणि चिंबोरीची जात
(इंग्रजीतल्या रिकाम्या जागा कशा भरायच्या?)

आज वही आणि पेन जवळ घेऊन बसा, कारण बोलता बोलता एक छोटा उतारा लिहून घ्यायचा आहे. विषय इंग्रजीचा आहे आणि तोही अगदी छोट्या तीन शब्दांचा : अ, ॲन आणि द. इंग्रजीच्या पेपरात ‘रिकाम्या जागा भरा’ असं लिहून हे तीन शब्द देतात. आपल्यापैकी काही जणी सतरा नंबरचा फॉर्म भरून घरूनच दहावीच्या परीक्षेला बसणार आहेत, त्यांना हा प्रश्न सोडवायचा असतो. बाकीच्यांच्या घरी मुलं असतात. 2000 सालापासून आपल्या मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून आहे, त्यामुळे संध्याकाळी वही पुढे करून मूल विचारतं, “आई, इथं अ येईल की द?” आणि आपण म्हणतो, “बाईंना विचार.” आज त्याचं उत्तर आपणच शोधू.

सुरुवात आपल्याच भाषेपासून करू. ही तीन वाक्यं ऐका.

सासूबाईंनी चिंबोरी आणली.
चिंबोरी जिवंत आहे.
चिंबोरी आडवी चालते.

तिन्ही वाक्यांत शब्द एकच, चिंबोरी. पण तिन्ही ठिकाणी अर्थ वेगळा आहे. पहिल्या वाक्यात सासूबाईंनी कुठली तरी एक चिंबोरी आणली. कोणती, ते ऐकणारीला अजून माहीत नाही. दुसऱ्या वाक्यात त्याच चिंबोरीबद्दल बोलणं चाललं आहे, जी आता पातेल्यात खुडबुड करते आहे. तिसऱ्या वाक्यात ना ती चिंबोरी, ना कुठली तरी एक. चिंबोरीची सगळी जातच आडवी चालते. मराठीत आपण हा फरक मनातल्या मनात ओळखतो, त्यासाठी वेगळा शब्द लावावाच लागतो असं नाही. इंग्रजीत मात्र तो फरक बोलून दाखवावा लागतो. तीच वाक्यं इंग्रजीत अशी होतात :

शी ब्रॉट अ क्रॅब.
द क्रॅब इज अलाइव्ह.
क्रॅब्ज वॉक साइडवेज.

पहिल्यात अ आलं, दुसऱ्यात द आलं, तिसऱ्यात काहीच आलं नाही, फक्त क्रॅबचं क्रॅब्ज झालं. आपण मराठीतून विचार करतो आणि मराठीत तिन्ही ठिकाणी नुसतं ‘चिंबोरी’ असतं, म्हणून आपला गोंधळ इथंच होतो.

आता उतारा लिहून घ्या. मी सावकाश सांगते. जिथं ‘रिकामी’ म्हणेन तिथं रेघ ओढा आणि आकडा घाला.

शांता बॉट (१) ____ ओल्ड बास्केट फ्रॉम (२) ____ शॉप इन अलिबाग. (३) ____ बास्केट वॉज चीप, बट (४) ____ हॅण्डल वॉज ब्रोकन. (५) ____ सन वॉज नॉट अप व्हेन शी वेंट आउट. शी नोज दॅट (६) ____ क्रॅब्ज हाइड अंडर स्टोन्स. शी कॉट (७) ____ क्रॅब. (८) ____ क्रॅब वॉज व्हेरी बिग.

अर्थ सोपा आहे. शांतानं अलिबागच्या एका दुकानातून जुनी टोपली घेतली. टोपली स्वस्त होती, पण कडी तुटलेली होती. ती बाहेर पडली तेव्हा सूर्य उगवला नव्हता. चिंबोऱ्या दगडांखाली लपतात हे तिला ठाऊक आहे. तिनं एक चिंबोरी पकडली. ती चिंबोरी खूप मोठी होती.

आमच्या गटातल्या एका मैत्रिणीनं हा उतारा सोडवला आणि आठही ठिकाणी द लिहिलं. आठांपैकी चार बरोबर आले, चार चुकले. मी तिला विचारलं, “पहिल्याच जागी द का लिहिलंस?” ती म्हणाली, “अगं, टोपली डोळ्यांसमोर दिसतेय ना मला! जुनी, कडी तुटलेली. मग तीच टोपली, म्हणून द.”

तिचं म्हणणं नीट ऐका, कारण सगळी मेख त्यातच आहे. टोपली तिला दिसत होती, पण ज्याला गोष्ट सांगतोय त्याला अजून दिसलेली नव्हती. द लावायचं की नाही, हे सांगणारीला काय माहीत आहे यावर ठरत नाही. ऐकणारीला कोणती वस्तू ते कळलं आहे का, यावर ठरतं. रिकाम्या जागेपाशी आलात की स्वतःला हाच प्रश्न विचारा : “इथपर्यंत ऐकणारीला कोणती ते कळलं का?” कळलं असेल तर द. कळलं नसेल आणि वस्तू एकच असेल तर अ किंवा ॲन. एका विशिष्ट वस्तूबद्दल बोलणंच नसेल, सगळ्या जातीबद्दल बोलणं असेल, तर तिसरी वाट. ती आपण पुढे पाहू.

आता याच प्रश्नानं एकेक जागा सोडवू.

पहिली जागा, ओल्ड बास्केट. उताऱ्याची ही सुरुवातच आहे. ऐकणारीला शांताची टोपली माहीत नाही. म्हणून द नाही, तर अ किंवा ॲन. मराठीत आपण गोष्ट सांगताना म्हणतो, ‘एका गावात एक म्हातारी होती. त्या म्हातारीकडे एक बोकड होता. तो बोकड…’ आधी ‘एक’, मग ‘तो’. इंग्रजीचं अगदी तसंच आहे. इंग्रजीतलं ॲन हे मुळात त्यांच्या ‘एक’ या शब्दातूनच झिजून आलेलं आहे, आणि द हे ‘तो, ती, ते’ या अर्थाच्या शब्दांच्या घराण्यातलं आहे. म्हणून पहिल्यांदा नाव घेताना ‘एक’ जोडून पाहा. ‘एक जुनी टोपली’ बसतं, म्हणजे इथं अ-ॲनची जोडी.

या जोडीतलं कोणतं? पुढच्या शब्दाचा पहिला उच्चार पाहा. इथं आपल्या देवनागरीची छान मदत होते. इंग्रजी शब्द मराठी अक्षरांत लिहा. तो अ, आ, इ, उ, ए, ओ अशा स्वरानं सुरू झाला तर ॲन, नाहीतर अ. ‘ओल्ड’ हा ओ पासून सुरू होतो, म्हणून ॲन ओल्ड बास्केट. मधला ‘ओल्ड’ नसता तर लगेच पुढे ‘बास्केट’ आलं असतं, ब पासून सुरू होणारं, मग अ बास्केट. इंग्रजी स्पेलिंग पाहून ठरवायला गेलं की फसायला होतं. तासाला इंग्रजीत ‘अवर’ म्हणतात. स्पेलिंग एच पासून सुरू होतं, पण आपण ‘अवर’ असंच लिहितो, म्हणून ॲन अवर. गणवेशाचं स्पेलिंग यू पासून सुरू होतं, पण आपण ‘युनिफॉर्म’ लिहितो, य पासून, म्हणून अ युनिफॉर्म. आपली लाल बस ‘एसटी’, ए पासून, म्हणून ॲन एसटी बस.

दुसरी जागा, शॉप. अलिबागेत दुकानं किती तरी. कोणतं दुकान ते ऐकणारीला कळलेलं नाही. अ शॉप. इथं अलिबागच्या आधी काही लावलेलं नाही, तेही बघून ठेवा. गावाच्या, शहराच्या, माणसाच्या नावाआधी काही लागत नाही, कारण नाव घेतलं की कोण ते कळतंच.

तिसरी जागा, बास्केट. टोपलीचं नाव आता दुसऱ्यांदा आलं. ऐकणारी म्हणेल, “हां, तीच ती.” द बास्केट. आधी आलेल्या नामाला द, हा नियम सगळ्यांना पाठ असतो.

चौथी जागा, हॅण्डल. इथं पाठांतर करणारी मुलं चुकतात. ‘हॅण्डल हा शब्द आधी कुठेच आला नाही, म्हणजे पहिल्यांदा आला, म्हणून अ,’ असं त्यांना वाटतं. पण आपला प्रश्न विचारा : कोणती कडी ते ऐकणारीला कळलं का? कळलं की! आत्ताच सांगितलेल्या टोपलीची कडी. शब्द आधी आलेला नाही, पण ज्या वस्तूचा तो भाग आहे ती वस्तू आधी आली आहे. म्हणून द हॅण्डल. एखाद्या उताऱ्यात आधी घर आलं की त्या घराचं छप्पर, त्या घराचं स्वयंपाकघर यांना लगेच द लागतं, ते याचमुळे. मराठीतही आपण ‘घर घेतलं, पण छप्पर गळतं’ असं म्हणतो, कोणाचं छप्पर ते कोणी विचारत नाही.

पाचवी जागा, सन, म्हणजे सूर्य. सूर्याचंही नाव उताऱ्यात आधी आलेलं नाही आणि तो कशाचा भागही नाही. तरी कोणता सूर्य, असं कोणी विचारेल का? एकच आहे. म्हणून द सन. तसंच द मून, द स्काय, द सी. मराठीत इथं ‘तो सूर्य’ असं आपण म्हणत नाही, म्हणून ‘तो-ती’ जोडून बघायची खूण इथं चालत नाही. इथं दुसरा प्रश्न विचारा : “दुसरा आहे का?” नसेल तर द.

हे एकमेव असणं नेहमी साऱ्या जगातच असावं लागतं असंही नाही. तुमच्या गावात सरपंच एकच. गावातल्या माणसाला सांगताना ‘द सरपंच केम’ बरोबर आहे. पण जिल्ह्याच्या मेळाव्यात शंभर गावांचे सरपंच जमले आणि त्यातले एक उठून बोलले, तर ‘अ सरपंच स्पोक’. सरपंच तेच, पण ऐकणारीला कोणते ते कळत नाही. म्हणून उतारा कुठल्या जागी घडतो आहे ते आधी पाहा.

आणखी एक गंमत. चंद्र एक, म्हणून द मून. पण नारळी पौर्णिमेच्या रात्रीबद्दल लिहिताना ‘देअर वॉज अ फुल मून’ असं येतं. चंद्र एकच असला तरी पूर्ण चंद्राच्या रात्री पुष्कळ येतात, त्यातल्या एका रात्रीची ही गोष्ट. म्हणून ‘सन, मून दिसलं की डोळे मिटून द’ असं करू नका. मधे फुल, न्यू असा शब्द घुसला असेल तर थांबून वाक्य पुन्हा वाचा.

सहावी जागा, क्रॅब्ज. इथं आमच्या मैत्रिणीनं द क्रॅब्ज लिहिलं होतं. शांताला ठाऊक आहे की चिंबोऱ्या दगडांखाली लपतात. कोणत्या चिंबोऱ्या? अमुक अशा कोणत्याच नाहीत; चिंबोऱ्यांची सवयच तशी. ही ती तिसरी वाट, सगळ्या जातीची. इथं नाम अनेकवचनी असेल तर जागा रिकामीच ठेवायची. पेपरात अशा ठिकाणी फुली मारायला सांगितलेली असते. ओळखायची खूण अशी : मराठीत नामाआधी ‘सगळ्याच’ किंवा ‘साधारणपणे’ घालून पाहा. ‘साधारणपणे चिंबोऱ्या दगडांखाली लपतात’ हे बसतं. ‘त्या चिंबोऱ्या दगडांखाली लपतात’ म्हटलं तर अर्थच बदलतो, मग कोणी तरी विचारेल, “कुठल्या त्या?” द क्रॅब्ज म्हटलं की इंग्रजी वाचणाराही हेच विचारतो.

मोजता न येणाऱ्या वस्तूंचंही असंच. मीठ, तांदूळ, पाणी, दूध. मिठागरातल्या मिठाबद्दल सर्वसाधारण बोलायचं तर ‘सॉल्ट कम्स फ्रॉम सी-वॉटर’. सॉल्टच्या आधी काही नाही, आणि अ तर कधीच नाही, कारण एक मीठ, दोन मीठ असं आपण मोजत नाही. पण ‘या बरणीतलं मीठ ओलं झालंय’ म्हणायचं असेल तर कोणतं मीठ ते कळलं : ‘द सॉल्ट इन धिस जार इज वेट’. अशा वाक्यात नामाच्या मागून ‘इन धिस जार’सारखे शब्द येतात आणि कोणतं ते सांगून जातात. म्हणून रिकामी जागा दिसली की लगेच भरू नका, पूर्णविरामापर्यंत वाक्य वाचा.

जातीबद्दल बोलताना नाम एकवचनी असेल तर? ‘अ क्रॅब हॅज टेन लेग्ज’, कुठलीही एक चिंबोरी घ्या, दहा पाय मोजून मिळतील. ‘द क्रॅब हॅज टेन लेग्ज’, चिंबोरी नावाच्या प्राण्याला दहा पाय. दोन्ही बरोबर आहेत. नुसतं ‘क्रॅब हॅज टेन लेग्ज’ मात्र चालत नाही, कारण मोजता येणारं एकवचनी नाम इंग्रजीत सहसा उघडं राहत नाही. आपण मराठीत ‘चिंबोरीला दहा पाय असतात’ म्हणतो, त्यामुळे ही चूक फार होते. त्याच प्रकारची दुसरी चूक म्हणजे ‘ती नर्स आहे’. मराठीत ‘ती एक नर्स आहे’ असं कोणी म्हणत नाही, पण इंग्रजीत ‘शी इज अ नर्स’ असंच म्हणावं लागतं. ‘एक’ जोडून बघायची आपली खूण इथं उपयोगी पडत नाही. कामधंद्याचं नाव एकवचनात आलं की अ किंवा ॲन, एवढं वेगळं लक्षात ठेवा.

सातवी जागा. शांतानं एक चिंबोरी पकडली. मैत्रीण म्हणाली, “पण क्रॅब तर आधीच्या वाक्यात येऊन गेलं, मग द का नाही?” चांगली शंका आहे. शब्द आला होता हे खरं, पण तिथं जातीबद्दल बोलणं होतं. ही एक चिंबोरी, जी शांताच्या हाती लागली, ती आत्ता पहिल्यांदा गोष्टीत येते आहे. म्हणून अ क्रॅब. चौथ्या जागी शब्द आधी आला नव्हता तरी द लागलं, आणि इथं शब्द आधी आला तरी द लागलं नाही. शब्द शोधू नका, वस्तू शोधा.

आठवी जागा, आता तीच चिंबोरी पुन्हा आली. द क्रॅब.

म्हणजे उत्तरं अशी झाली : ॲन, अ, द, द, द, फुली, अ, द. आमच्या मैत्रिणीनं ती वहीत लिहिली आणि चुकलेल्या चार जागा पुन्हा पाहिल्या. पहिली, दुसरी आणि सातवी जागा एकाच कारणानं चुकली होती, ऐकणारीला वस्तू आधीच ठाऊक आहे असं तिनं धरलं होतं. सहावी जागा जातीची होती. म्हणजे आठ जागांत तिच्या चुका चार, पण कारणं दोनच. तुम्हीही वहीत चुकलेल्या जागेपुढे कारण लिहा : ‘पहिल्यांदा’, ‘तीच’, ‘एकच’ किंवा ‘जात’. पाच-सहा उतारे सोडवले की आपलं बोट नेमकं कुठं अडतं ते दिसतं.

पेपरात एक गोष्ट आधी बघा. प्रश्नाची सूचना वाचा. फुलीची मुभा दिली आहे का? सूचनेत फक्त अ, ॲन, द यांतून निवडा असं लिहिलं असेल तर प्रत्येक जागी काही तरी येणारच, मग फुली मारून गुण घालवू नका. फुलीची मुभा असेल तर मात्र अनेकवचनी आणि न मोजता येणाऱ्या नामांकडे जरा जास्त लक्ष द्या.

जाता जाता आपल्या वाटेवरचं एक वाक्य देते. मांडव्याहून आपण लाँचनं मुंबईला जातो.

वी टेक (१) ____ बोट फ्रॉम (२) ____ मांडवा टू (३) ____ गेटवे ऑफ इंडिया. (४) ____ बोट क्रॉसेस (५) ____ सी इन अबाउट (६) ____ अवर.

आधी स्वतः लिहा, मग पुढचं वाचा.

पहिली जागा अ, कारण कुठलीही एक लाँच. दुसरी फुली, कारण मांडवा हे गावाचं नाव. तिसरी द. गेटवे ऑफ इंडिया हेही नावच आहे, पण ते साध्या शब्दांचं, म्हणजे ‘भारताचं प्रवेशद्वार’ अशा अर्थाचं बनलेलं आहे आणि ते एकच आहे. अशा नावांना बहुधा द लागतं. समुद्रांच्या आणि नद्यांच्या नावांनाही द लागतं : द अरेबियन सी, द कुंडलिका. चौथी द, कारण तीच लाँच. पाचवी द, समोरचा समुद्र एकच. सहावी ॲन, कारण ‘अवर’ अ पासून सुरू होतो.

सहापैकी जी जागा चुकली असेल तिच्यापुढे कारण लिहा आणि पुढच्या बैठकीला वही घेऊन या. ज्यांच्या घरी शाळेत जाणारं मूल आहे त्यांनी आज रात्री त्यालाच विचारावं, “सासूबाईंनी चिंबोरी आणली, चिंबोरी जिवंत आहे, चिंबोरी आडवी चालते. इंग्रजीत सांग बघू.” तीन वाक्यांत तीन वेगळी उत्तरं आली, तर ते मूल पाठांतरानं नाही, समजून उत्तर देतंय असं समजा.